ज्यांचा योम किप्पूर नेहमी शुक्रवारीच यायचा

हबक्कूक या संदेष्ट्याच्या ग्रंथावरचं एक भाष्य १९४७ साली मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या पहिल्या गुहेत सापडलं. त्यात एक विचित्र प्रसंग आहे. योम किप्पूरच्या दिवशी, म्हणजे उपवास आणि पूर्ण विश्रांतीच्या दिवशी, ‘दुष्ट याजक’ म्हटलेला एक माणूस कुमरानच्या यहुदी पंथाच्या गुरूचा पाठलाग करत त्याच्या निवासस्थानी येऊन धडकतो. हा याजक बहुधा जेरुसलेमचा महायाजक असावा. मग वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी तो मंदिर सोडून तिथे आलाच कसा?

याचं उत्तर शेमार्याहू तालमोन यांनी १९५१ मध्ये सुचवलं: त्या दिवशी याजकाचा योम किप्पूर नव्हताच. दोघांची कॅलेंडरं वेगळी होती.

मंदिराचे महिने चंद्रावर चालत. बारा चांद्रमास साधारण ३५४ दिवसांत संपतात, म्हणून आपल्या अधिक मासासारखा तेरावा महिना मधूनमधून धरावा लागे. कुमरानच्या पंथाचं वर्ष मात्र ३६४ दिवसांचं, म्हणजे बरोबर ५२ आठवड्यांचं. तिमाहीतले महिने ३०, ३० आणि ३१ दिवसांचे. बेरीज ९१, म्हणजे १३ आठवडे. त्यामुळे प्रत्येक तिमाही बुधवारीच सुरू होते, कारण उत्पत्तीच्या कथेत सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी घडवले गेले. आता सातव्या महिन्याची पहिली तारीख बुधवार धरून मोजा: दहावी तारीख, म्हणजे योम किप्पूर, दरवर्षी शुक्रवारी. सण शब्बाथवर, म्हणजे शनिवारच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, येण्याचा पेच उरतच नाही. गणित सुरेख आहे, पण सौर वर्षापेक्षा सव्वा दिवसाने तोकडं. दुरुस्ती न केल्यास तीस वर्षांत सण महिनाभराहून अधिक सरकतात, आणि दुरुस्तीचा स्पष्ट नियम कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांत मिळत नाही.

सण वेगळ्या दिवशी म्हटल्यावर मंदिरातल्या बळींमध्ये सहभागी होणंही अशक्य. फूट पडायला एवढं पुरेसं होतं, पण वाद इथेच थांबत नव्हता. चौथ्या गुहेतल्या एका पत्रवजा लेखनाच्या सहा प्रतींचे तुकडे मिळाले. त्यात एक नियम असा: शुद्ध भांड्यातून अशुद्ध भांड्यात पाणी ओतलं, तर अशुद्धता धारेतून वर चढते. मिशना या नंतरच्या यहुदी संहितेत नेमका हाच वाद आहे. तिथे परूशी या यहुदी पंथाचे लोक धार शुद्ध मानतात आणि सदूकी या दुसऱ्या पंथाचे लोक त्याबद्दल तक्रार करतात.

म्हणजे कुमरानचे लोक सदूकी होते का? या एका नियमावरून तसं म्हणणं घाईचं ठरेल. नव्या करारानुसार सदूकी देवदूत मानत नसत. कुमरानच्या गुंडाळ्यांत तर युद्धापासून उपासनेपर्यंत सगळीकडे देवदूत आहेत. समाईक मालमत्ता आणि प्रवेशाआधीचा परीक्षेचा काळ या गोष्टी इतिहासकार जोसिफसने वर्णिलेल्या एस्सेनी पंथाशी जास्त जुळतात. बहुतेक अभ्यासकांचा कल तिकडेच आहे. शुद्धतेचे जुने याजकी नियम दोन्ही पंथांकडे आले असावेत, इतकंच त्या धारेवरून म्हणता येतं.