तुक्का कधी मारायचा: निगेटिव्ह मार्किंगचं गणित

परीक्षा जवळ आली की ज्युनिअर्सना सगळीकडून एकच सल्ला मिळतो: "निगेटिव्ह मार्किंग आहे, माहीत नसेल त्या प्रश्नाला हात लावू नका." देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण नीटपुरतं बोलायचं तर साधी बेरीज-वजाबाकी या सल्ल्याच्या बाजूने नाही. तुमच्यापैकी बरेच जण या भीतीपोटी दहा-पंधरा प्रश्न कोरे ठेवून येतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला उणे १, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. आता समजा, काहीही येत नाही असे चार प्रश्न तुम्ही डोळे मिटून सोडवले. सरासरीने त्यातला एक बरोबर येईल आणि तीन चुकतील. मिळाले ४, गेले ३, हातात उरला १. म्हणजे निव्वळ आंधळा तुक्कासुद्धा दर प्रश्नामागे सरासरी पाव गुण देऊन जातो. फायदा फार मोठा नाही, पण तोटा तर नाहीच.

मग तोटा कुठे सुरू होतो? पाच प्रश्नांत एकच बरोबर आला तर ४ मिळतात आणि ४ जातात. ही सीमारेषा. पाचात एकापेक्षा जास्त बरोबर येण्याची शक्यता असेल तर उत्तर लिहिणं फायद्याचं, कमी असेल तर सोडणं फायद्याचं. कुठल्याही परीक्षेसाठी ही रेषा काढायची रीत एकच: चुकीला जितके गुण कापले जातात, त्याला बरोबरचे गुण आणि कापले जाणारे गुण यांच्या बेरजेने भागायचं. नीटसाठी १ भागिले ५, म्हणजे २० टक्के. चार पर्यायांत आंधळेपणाने बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून आपण रेषेच्या किंचित वर राहतो.

दंड ठरवण्यामागेही एक विचार असतो. आंधळ्या तुक्क्याची सरासरी कमाई बरोबर शून्य व्हावी असं वाटत असेल, तर पर्यायांच्या संख्येतून एक वजा करून येणाऱ्या आकड्याने बरोबरच्या गुणांना भागायचं आणि तेवढे गुण कापायचे. चार पर्याय असतील तर एक तृतीयांश. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत हेच प्रमाण आहे. तिथे चार आंधळ्या तुक्क्यांतला एक बरोबर आला की मिळालेलं सगळं उरलेल्या तिघांत जातं, ना नफा ना तोटा. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत पाच पर्याय होते आणि दंड पाव गुणाचा होता, तिथेही हिशेब शून्यावर यायचा. २०१६ मध्ये त्यांनी तो दंडच काढून टाकला. नीटमध्ये मात्र पर्याय चार आणि दंड पाचांना शोभेल असा पावपट. तो पाव गुण याच फरकातून येतो.

आता "सरासरी" या शब्दाकडे नीट बघा, कारण परीक्षा आपण एकदाच देतो. समजा २० प्रश्नांत आंधळे तुक्के मारले. सरासरी कमाई ५ गुण. पण प्रत्यक्षात चार बरोबर आले तर हिशेब शून्यावर येतो, तीन किंवा कमी आले तर गुण कमी होतात, पाच किंवा जास्त आले तर वाढतात. शक्यतांचं गणित मांडलं तर अशा शंभर विद्यार्थ्यांपैकी साधारण ५८-५९ जणांचा फायदा होतो, १९ जण जिथल्या तिथे राहतात आणि २२-२३ जणांचे गुण घटतात. म्हणजे चारातल्या जवळपास एकाला फटका बसतो. तो घरी येऊन "तुक्के मारले म्हणून गेलं" असं सांगतो आणि पुढच्या बॅचला तोच सल्ला मिळतो. त्याचा अनुभव खरा आहे. पण उरलेले पंचाहत्तर-ऐंशी जण काही सांगत फिरत नाहीत.

इथपर्यंतचं सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे: काहीच येत नसेल तर चारही पर्याय आपल्यासाठी सारखेच. पण परीक्षेत अजिबात काहीच येत नाही असे प्रश्न कमी असतात. जास्त असतात ते अर्धवट येणारे, आणि खरी गंमत तिथे आहे. पेपर काढणारा चुकीचे पर्याय मनाला येईल तसे टाकत नाही. विद्यार्थी कुठे घसरतो हे त्याला ठाऊक असतं आणि नेमकं ते घसरून आलेलं उत्तर तो पर्यायात ठेवतो.

उदाहरण घ्या. एक गाडी जाताना ताशी ४० किलोमीटर वेगाने जाते आणि त्याच रस्त्याने परत येताना ताशी ६० ने. पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? पर्याय: ४८, ५०, ५२, १००. शंभर म्हणजे दोन वेगांची नुसती बेरीज. ते बहुतेक जण लगेच खोडतात. ५२ कुठून आलं ते कळत नाही, म्हणून तेही खोडतात. उरले ४८ आणि ५०. इथे विद्यार्थी म्हणतो, "दोनात अडकलोय, फिफ्टी-फिफ्टी आहे." पण तसं ते नाही! घाईत असलेला, चाळीस आणि साठची सरासरी काढून मोकळा होणारा विद्यार्थी ५० वरच जाणार, आणि ५० तिथे त्याच्यासाठीच ठेवलेलं आहे. अशा प्रश्नात अर्धवट माहिती असलेल्याची बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के नसते. ती २० टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते, म्हणजे आंधळ्या तुक्क्यापेक्षा वाईट.

हाच प्रश्न सूत्र न वापरताही सुटतो. अंतर दोन्ही वेळा सारखंच, म्हणजे हळू जाताना जास्त वेळ लागणार. गाडीचा जास्त वेळ चाळीसच्या वेगात गेला, म्हणून सरासरी पन्नासपेक्षा खाली चाळीसकडे झुकणार. ५०, ५२, १०० तिन्ही गेले, उरलं ४८. पटत नसेल तर अंतर १२० किलोमीटर धरा: जाताना ३ तास, येताना २ तास, २४० किलोमीटर ५ तासांत, म्हणजे ४८. दोन्ही वेळा पर्याय खोडूनच उत्तर शोधलं. पण पहिल्यांदा "हे ओळखीचं वाटत नाही" म्हणून खोडलं आणि दुसऱ्यांदा "हे शक्यच नाही, कारण..." असं म्हणून खोडलं. 'कारण' या शब्दापुढे वाक्य पूर्ण करता आलं, तरच तो पर्याय खोडला असं समजा.

खोडण्यात चूक झाली तर किती महागात पडतं, तेही मोजता येतं. दोन पर्याय खोडले आणि उरलेल्या दोनात बरोबर उत्तर असण्याची तुमची खात्री ८० टक्के आहे. त्या दोनातला एक निवडलात तर बरोबर येण्याची शक्यता ४० टक्के. वीसच्या रेषेपेक्षा दुप्पट, खुशाल लिहा. खात्री ६० टक्के असली तरी शक्यता ३० येते, तरीही फायदा. तोटा व्हायला उरलेल्या दोनात उत्तर असण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या खाली जावी लागते. आणि डोळे मिटून दोन पर्याय खोडले तरी ती ५० असते. मग तोटा होतो तो खोडताना किंवा शेवटची निवड करताना पेपर काढणाऱ्याने लावलेल्या जाळ्यात सापडल्यामुळे. नुसत्या अज्ञानामुळे होत नाही.

म्हणून स्वतःची ही शक्यता मोजा. मॉक टेस्ट देताना प्रत्येक उत्तरापुढे खूण करा: पक्कं, दोनात अडकलं, आंधळं. पेपर तपासल्यावर तिन्ही ढिगांचे बरोबर-चूक वेगळे मोजा. समजा काही पेपरांत मिळून 'दोनात अडकलं' असे ६० प्रश्न निघाले आणि त्यातले २१ बरोबर आले. ८४ मिळाले, ३९ गेले, निव्वळ ४५ गुण. छान. आता तेच विषयवार करा. भौतिकशास्त्राचे २० आणि त्यात फक्त ३ बरोबर: १२ मिळाले, १७ गेले, उणे ५. बाकी विषयांचे ४० आणि त्यात १८ बरोबर: ७२ मिळाले, २२ गेले, अधिक ५०. म्हणजे बेरजेत भौतिकशास्त्राचा तोटा लपला होता.

पण वीसपैकी तीनवरून लगेच निकाल लावू नका. वीस आंधळ्या तुक्क्यांत तीन किंवा कमी बरोबर येणं शंभरातल्या २२-२३ वेळा घडतं, हे वर पाहिलंच. तेव्हा "भौतिकशास्त्रात माझा अंदाज आंधळ्या तुक्क्याहून वाईट आहे" असं एवढ्यावरून म्हणता येत नाही, आणखी साठ-सत्तर प्रश्न जमू द्या. एक गोष्ट मात्र आत्ताच म्हणता येते. तिथे खरोखर फिफ्टी-फिफ्टी असतं, तर वीसात तीन किंवा कमी येणं हजारातून एखाद्या वेळीच घडलं असतं. म्हणजे तुम्ही ज्याला 'दोनात अडकलं' म्हणता, ते तसं नाहीये. ते प्रश्न काढून बघा, बहुतेक वेळा एकच चूक पुन्हापुन्हा दिसेल.

इटालियन गणितज्ञ ब्रुनो द फिनेत्ती यांनी १९६५ मध्ये हाच मुद्दा परीक्षेच्या बाजूने मांडला होता. विद्यार्थ्याने एक पर्याय निवडण्याऐवजी प्रत्येक पर्यायाला आपली शक्यता द्यावी आणि गुण असे ठरवावेत की प्रामाणिकपणे शक्यता लिहिणाऱ्याचाच सर्वाधिक फायदा व्हावा. आपल्या परीक्षा तशा नाहीत, पण मॉकमध्ये स्वतःपुरतं हे करायला कोण अडवतंय?

शुभ अंकाचा पर्याय, "सलग तीन 'बी' आले, आता 'बी' येणार नाही", "यंदा 'सी' जास्त आहेत" हे सगळं सोडून द्या. आधीच्या प्रश्नाचं उत्तर काय होतं, याचा पुढच्या प्रश्नाच्या भौतिकशास्त्राशी काडीचाही संबंध नाही. शिवाय वेगवेगळ्या कोडच्या पेपरांत प्रश्नांचा क्रमही वेगळा असतो. 'खात्रीशीर तुक्का ट्रिक' म्हणून व्हिडिओ विकणाऱ्यांना त्यांच्या शंभर तुक्क्यांचा हिशेब मागा.

प्रत्येक परीक्षेची रेषा वेगळी असते. एमएचटी-सीईटीत गुण कापले जात नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवण्याला अर्थ नाही. जेईई मेनच्या बहुपर्यायी प्रश्नांत नीटचंच गणित चालतं, पण संख्या भरायच्या प्रश्नांत पर्यायच नसतात आणि चुकीला उणे १ असतो. तिथे अंदाजपंचे आकडा टाकू नका.

आणि जेईई अॅडव्हान्स्डमधले एकाहून अधिक बरोबर पर्यायांचे प्रश्न वेगळेच. तिथे सगळे बरोबर पर्याय निवडले तर ४, त्यातले फक्त काही निवडले आणि चुकीचा एकही नसेल तर निवडलेल्या प्रत्येकाला १, आणि एकही चुकीचा निवडला तर, अलीकडच्या पेपरांत, उणे २. समजा पहिले दोन पर्याय बरोबर असल्याची खात्री आहे, चौथा नक्की चूक, तिसऱ्याबद्दल शंका. तिसरा खरंच बरोबर असेल, तर तो निवडून ४ आणि सोडून २, म्हणजे फायदा २ गुणांचा. तो चूक असेल, तर सोडून पूर्ण ४ आणि निवडून उणे २, म्हणजे तोटा ६ गुणांचा. २ मिळवायला ६ पणाला लागतात. ६ भागिले ८, रेषा थेट ७५ टक्क्यांवर.