कुबट वास कपाटाच्या पाठीतून येतो

परभणीला आत्याकडे जुनं सागवानी कपाट आहे. उन्हाळ्यात त्याच्या दारांत फट पडते आणि श्रावणात तीच दारं फुगून अडकतात. लाकडानं हवेतला ओलावा ओढल्याची ही पहिली खूण. गेल्या भाद्रपदात दार उघडलं की कुबट वास यायचा. आत्यानं डांबरगोळ्या वाढवल्या, कडुलिंबाचा ताजा पाला ठेवला. पण डांबरगोळ्या ओलावा शोषत नाहीत, आणि ताजा पाला सुकताना आपलंच पाणी आत सोडतो.

कपाट पुढं ओढलं तेव्हा उलगडा झाला. पाठीच्या कच्च्या प्लायवर राखाडी-हिरवी बुरशी होती आणि कपाट उत्तरेच्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीला चिकटलेलं होतं. समजा, खोलीत ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता आहे. तीच हवा २६ अंशाच्या थंड भिंतीपाशी अडकली, की तिथली आर्द्रता सुमारे ८८ टक्के होते. गार हवेत वाफ कमी मावते ना! बुरशीचे बीजाणू सगळीकडेच असतात. पृष्ठभागालगतची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली, की ते रुजतात. वास येतो तो वाढत्या बुरशीनं सोडलेल्या वायूंचा.

आम्ही कपडे काढून उन्हात टाकले. तोंडाला मास्क बांधला, कारण कोरडं झाडलं तर बीजाणू घरभर उडतात. कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून, फडकं घट्ट पिळून प्लाय पुसला. दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घेतली. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्यानं साबण काढला आणि दारं उघडी ठेवून दोन दिवस पंखा लावला. ब्लीच मी वापरलं नाही. त्यात बहुतांश पाणीच असतं, ते लाकडात मुरतं आणि पॉलिशही बिघडवतं. पुसूनही काळसर डाग उरला तर घाबरू नका. मात्र दाभण टोचल्यावर प्लाय मऊ लागला, तर तो कुजलाय, बदलावाच लागतो. आमचा टणक होता. पूर्ण वाळल्यावर त्याला चपड्याच्या पॉलिशचे दोन हात दिले. त्यानं उरलेला वास दबतो आणि ओलावा शिरायचा वेगही कमी होतो.

आता कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं, विटांवर उभं आहे. आपल्याकडे पावसाळ्यात उघडीप मिळते, तिचा फायदा घ्यावा: कोरड्या, उन्हाच्या दुपारी खिडक्या आणि कपाटाची दारं तासभर उघडी ठेवायची. झड लागलेली असताना मात्र कपाट बंदच बरं. सादळलेले कपडे आत ठेवायचे नाहीत. सिलिका जेलच्या पुड्या फटीफटीच्या कपाटात लवकर भरून जातात. घट्ट झाकणाच्या डब्यात, पैठणीसोबत त्या खऱ्या उपयोगी.

भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. ती विरघळली तर तो लोणा, बुरशी नव्हे. म्हणजे भिंतीतच पाणी मुरतंय, आणि आधी गच्ची, पाइप किंवा पाया बघावा लागेल.