फोन काळा-पांढरा केला तरी निळा प्रकाश जात नाही

कुटुंबाच्या ग्रुपवर हल्ली एक मेसेज फिरतोय: रात्री फोन काळा-पांढरा करा, निळा प्रकाश बंद होतो आणि गाढ झोप लागते. सल्ला बरा आहे, पण दिलेलं कारण साफ चुकीचं.

पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन इवलेसे दिवे असतात. कोणता किती पेटवायचा, ते 0 ते 255 या आकड्यांत ठरतं. ग्रेस्केल, म्हणजे हा काळा-पांढरा पडदा, सुरू केलं की फोन तिन्ही आकड्यांची मिळून एक बेरीज करतो. आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ दिसतो, म्हणून हिरव्याचे सुमारे 72 टक्के, लालचे 21 आणि निळ्याचे 7 टक्के धरतात. आलेला आकडा तिन्ही दिव्यांना सारखाच दिला जातो.

आता नोटिफिकेशनचा लालभडक ठिपका घ्या. लाल 255, बाकी दोन्ही शून्य. 255 चे 21 टक्के म्हणजे साधारण 54. म्हणजे आधी पूर्ण विझलेला निळा दिवा आता 54 वर पेटला! पांढऱ्या पानात तर तिन्ही आधीच 255, तिथे काहीच बदलत नाही. रंग अगदी शेवटच्या पायरीवर पुसले जातात, म्हणून अँड्रॉइडवर त्या वेळी स्क्रीनशॉट काढला तर तो रंगीतच निघतो. करून बघा.

झोपेचं घड्याळ मागे ढकलणाऱ्या डोळ्यातल्या पेशी सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक दाद देतात. त्यावर उपाय म्हणजे पडदा पिवळसर करणारा नाइट लाइट आणि मंद पडदा. स्टेशनबाहेर मिळणारे ‘रेडिएशन शोषणारे’ स्टिकर नव्हेत, ते फक्त पैसे शोषतात.

मग ग्रेस्केलने होतं काय? लाल ठिपका करडा होऊन बाकीच्या आयकॉनमध्ये मिसळतो, रील्स फिक्या पडतात आणि बोट लवकर थांबतं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कॉलेजच्या मुलांचा फोनवरचा वेळ यामुळे दिवसाला सरासरी 38 मिनिटांच्या आसपास घटला होता.

अँड्रॉइडचा बेडटाइम मोड ठरल्या वेळी ग्रेस्केल आणि डू नॉट डिस्टर्ब दोन्ही लावतो. समजा, मुलुंडच्या नर्सताईंना पहाटेच्या ड्युटीसाठी 4:40 चा गजर हवा आणि साताऱ्याहून आईचा फोनही चुकायला नको. अपवादांमध्ये गजर सहसा आधीपासून चालू असतो, तरी एकदा बघून घ्यावं. आईचा नंबर कॉन्टॅक्ट्समध्ये तारांकित करून कॉलच्या अपवादात ‘तारांकित’ निवडायचं. ‘पुन्हा कॉल करणारे’ हेही चालू ठेवावं: एकाच नंबरावरून 15 मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजतो. शेजारच्या काकूंनी नव्या नंबरावरून फोन केला तरी दुसऱ्या खेपेला कळेल.

फसगत होते ती आवाजात. अपवादातला कॉल अडवला जात नाही एवढंच, रिंगचा आवाज आधीच शून्यावर असेल तर तो मुकाच येतो. गजराच्या आवाजाची पट्टी वेगळी असते, त्यामुळे सकाळी गजर वाजला म्हणजे रात्री रिंगही वाजली असती असं समजू नये. मोड चालू असताना आईला एकदा साधा कॉल आणि एकदा व्हॉट्सअ‍ॅप कॉल करायला सांगावं.