चित्र तेच, ओळ नवी: पेंग्विनपासून वळून पाहणाऱ्या तरुणापर्यंत

लग्नात नवरी उखाणा घ्यायला उभी राहिली की शेवट काय होणार हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत असतं. नाव येणारच. कान टवकारलेले असतात ते त्या नावाशी यमक जुळवायला ती कुठली वस्तू आणते, यासाठी. ठरलेला साचा श्रोत्यांच्या मनात आधीच तयार असल्यामुळे तिला दोन ओळींत काम भागवता येतं. इंटरनेटवरच्या मीमचा विनोद मला याच जातीचा वाटतो. फरक इतकाच, की इथे साचा शब्दांचा नसून चित्राचा आहे, आणि तो कसा घडत गेला हे आपल्याला वर्षागणिक सांगता येतं.

सुरुवातीच्या काळात चित्रावर मजकूर टाकायची पद्धत होती, पण चित्र दर वेळी वेगळं असायचं. २००७ च्या आसपास गाजलेले मांजरांचे फोटो आठवून पाहा. मांजर नवं, त्याची मोडकीतोडकी इंग्रजीही नवी. या फोटोंनी अक्षरांची शैली मात्र रूढ केली: जाड पांढरी अक्षरं, त्यांना काळी किनार. हा इम्पॅक्ट नावाचा फॉन्ट. जेफ्री ली यांनी तो १९६५ मध्ये छापील मथळ्यांसाठी तयार केला होता. पुढे विंडोजसोबत तो असंख्य संगणकांवर पोचला. पांढऱ्या अक्षराला काळी कड असली की मागे बर्फ असो वा अंधार, मजकूर वाचता येतो. त्यामुळे चित्र न बदलता त्यावर काहीही लिहिता येऊ लागलं.

चित्र कायम ठेवून फक्त ओळी बदलायच्या, ही कल्पना रुजवली ती २००६ मध्ये आलेल्या ‘ॲडव्हाइस डॉग’ने. रंगीबेरंगी पट्ट्यांच्या चक्रावर एका पिल्लाचा गोड चेहरा, वर एक ओळ, खाली एक ओळ. पिल्लू सल्ला देतं आणि तो सल्ला भयंकर असतो. वरची ओळ वाचताना सरळ काहीतरी चाललंय असं वाटतं, खालची ओळ पाय ओढते. दोन ओळींच्या मधला चेहरा जणू क्षणभराची विश्रांती असतो. विनोद सांगणारा माणूस शेवटच्या वाक्याआधी थांबतो ना, तसा.

या पिल्लाच्या मागोमाग प्राण्यांची रांगच लागली. त्यात २००९ च्या सुमारास आलेला पेंग्विन मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निळ्या पार्श्वभूमीवर डावीकडे तोंड करून चाललेला एकटा पेंग्विन. इंग्रजीत त्याला ‘सोशली ऑकवर्ड पेंग्विन’ म्हणत, म्हणजे चारचौघांत अवघडणारा. आपल्याकडचा प्रसंग घालून पाहू. वर: ‘स्टेशनबाहेर मित्राचा छान निरोप घेतला.’ खाली: ‘दोघंही एकाच दिशेने चालू लागलो.’ पेंग्विन काढून टाकला तर हे नुसतं निवेदन उरतं. पेंग्विन दिसला की वाचक पहिल्या शब्दाआधीच अवघडलेपणाची वाट पाहू लागतो. ‘मला किती ओशाळल्यासारखं झालं’ हे वाक्य लिहावंच लागत नाही, कारण ते चित्राने सांगून टाकलेलं असतं.

मग कुणीतरी पेंग्विनचं तोंड उजवीकडे फिरवलं आणि पार्श्वभूमी लाल केली. हा झाला आत्मविश्वासाने वागणारा पेंग्विन. पण खरी कमाल पुढे झाली. लोकांनी दोघांना मधोमध कापून जोडलं: वरचा अर्धा लाल, खालचा अर्धा निळा. ‘मुलाखतीत सगळ्या प्रश्नांची झकास उत्तरं दिली’ हे लाल भागात, ‘निघताना ढकलायचं दार ओढत बसलो’ हे निळ्यात. इथे रंग आणि दिशा यांना व्याकरण आलं. लाल म्हणजे जमलं, निळं म्हणजे फसलं. हे कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं नव्हतं, शेकडो वेळा पाहून लोक ते शिकले होते. ज्याने आधीचे पेंग्विन पाहिले नव्हते त्याला हा जोडपेंग्विन म्हणजे नुसता दुरंगी पक्षी वाटला असणार. ठरलेल्या चित्राच्या विनोदाची ही कायमची मर्यादा आहे: आधीच्या वाचनाशिवाय तो चालत नाही.

दुसरं मोठं वळण आलं २०१७ मध्ये. अंतोनियो गिलेम या छायाचित्रकाराने २०१५ मध्ये स्पेनमधल्या जिरोना शहरात विक्रीच्या स्टॉक फोटोंसाठी एक दृश्य टिपलं होतं. डावीकडे लाल कपड्यांतली तरुणी पुढे निघून चालली आहे, मधला तरुण मान वळवून तिच्याकडे बघतो आहे, आणि त्याचा हात धरलेली मैत्रीण उजवीकडून संतापाने त्याच्याकडे. स्टॉक फोटो कोण कशासाठी विकत घेईल हे ठाऊक नसतं, म्हणून त्यातले हावभाव एका नजरेत कळतील इतके ठळक ठेवतात. मीमला नेमकं तेच हवं असतं. जानेवारी २०१७ मध्ये प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकाराच्या चाहत्यांच्या एका तुर्की फेसबुक पानावर या तरुणाला त्या संगीताकडून पॉपकडे वळलेला गायक फिल कॉलिन्स, लाल तरुणीला पॉप संगीत आणि मैत्रिणीला प्रोग्रेसिव्ह रॉक अशी नावं दिली गेली. ऑगस्टमध्ये ‘तरुण पिढी’, ‘समाजवाद’ आणि ‘भांडवलशाही’ अशा लेबलांची आवृत्ती पसरली आणि त्यानंतर हे चित्र सगळीकडे दिसू लागलं.

इथे वरची ओळ नाही, खालची ओळही नाही. वाक्यातलं क्रियापद चित्रानेच उचललं आहे, लिहिणाऱ्याने फक्त तीन नामं भरायची. मधल्यावर ‘मी’, लाल तरुणीवर ‘पुस्तक प्रदर्शनातलं नवं पुस्तक’, मैत्रिणीवर ‘घरात न वाचता पडलेली पंधरा पुस्तकं’. लगेच पटतं. आता ‘मी’, ‘कॉफी’, ‘चहा’ असं भरून बघा. चित्र तेच, पण हसू येत नाही. कारण मैत्रिणीच्या जागी जे येईल त्याला रागावण्याचा हक्क असावा लागतो. चहाला मी काही वचन दिलेलं नाही. न वाचलेल्या पुस्तकांना मात्र दिलं होतं, विकत घेतानाच. ‘कॉफी’च्या जागी ‘कोपऱ्यावरचा वडापाव’ आणि ‘चहा’च्या जागी ‘आहारतज्ज्ञाने दिलेला तक्ता’ घातला की गंमत परत येते. एखादं मीम पडलं की शब्द कमी विनोदी होते असं आपण समजतो. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा शब्द ठीक असतात, चुकीच्या माणसावर चिकटलेले असतात.

लेबलं बदलली तरी चित्रातली माणसं पुसली जात नाहीत, हे २०१८ मध्ये स्वीडनमध्ये दिसलं. बाह्नहोफ या इंटरनेट कंपनीने नोकरभरतीच्या जाहिरातीत हाच फोटो वापरला: तरुण म्हणजे ‘तू’, मैत्रीण म्हणजे ‘तुझी सध्याची नोकरी’, लाल तरुणी म्हणजे बाह्नहोफ. तक्रारी आल्या. तिथल्या जाहिरात लोकपालाने निर्णय दिला की या जाहिरातीत स्त्रिया बदलता येणाऱ्या वस्तूंसारख्या दाखवल्या आहेत आणि ती लिंगभेद करणारी आहे. या लोकपालाला दंड करण्याचे अधिकार नाहीत. कंपनीचं म्हणणं असं होतं, की हे एक प्रसिद्ध मीम आहे आणि मीम ओळखणाऱ्याला त्यात स्त्री-पुरुष दिसत नाहीत, दोन नोकऱ्या दिसतात. मला लोकपालाची बाजू अधिक पटते. मैत्रिणीचा संताप आपल्याला आतून ओळखीचा नसता, तर तिच्यावर लिहिलेल्या ‘सध्याची नोकरी’ला काहीच अर्थ आला नसता.