फ्लॅटखर्चाचा हिशेब (पुणे)

भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहणाऱ्या ‘रूम पार्टनर’नी महिन्याचा खर्च आपापसांत वाटून कोणाचे कोणाकडे किती निघतात हे ठरवण्याची पद्धत. पुण्यात शिक्षण-नोकरीसाठी आलेल्यांमध्ये ती रूढ असून बोलीत तिला ‘काँट्री काढणे’ किंवा ‘टीटीएमएम’ असेही म्हणतात. मात्र या दोन्ही शब्दांचा भर जागच्या जागी वाटणी करण्यावर आहे, महिनाअखेरच्या हिशेबावर नाही.

‘काँट्री’ हा इंग्रजीतल्या वर्गणीच्या शब्दाचा संक्षेप, यात मतभेद नाही. ‘टीटीएमएम’बद्दल दोन मते आहेत. एका मताने ते ‘तुझं तू, माझं मी’ या मराठी बोलाचे, तर दुसऱ्या मताने ‘तू तेरा, मैं मेरा’ या हिंदी बोलाचे रूप होय. दोन्हींची आद्याक्षरे त्याच क्रमाने येत असल्याने अक्षरांवरून निर्णय होत नाही. मराठी बोल स्वतंत्रपणेही सहज वापरला जातो. त्यामुळे पहिले मत अधिक स्वीकारार्ह वाटते.

हिशेबाची रीत जुन्या जमा-नावे पद्धतीचीच आहे. प्रत्येकाचे एक खाते धरतात. त्याने घरासाठी बाहेर दिलेली रक्कम त्याच्या जमेस, त्याच्या वाट्याचा खर्च त्याच्या नावे. बाकी जमेची निघाल्यास त्याला येणे, नावेची निघाल्यास देणे. वाटणीचे सूत्र मात्र खर्चागणिक बदलते. भाडे, मेंटेनन्स आणि पोळ्यांच्या मावशींचा पगार कोणी गावी गेल्याने कमी होत नाही, म्हणून ते समान वाटणे रास्त. किराणा हजेरीच्या दिवसांवर वाटता येतो.

कर्वेनगरातील तिघांच्या फ्लॅटचा एक नमुना घेऊ. ‘अ’ने २४,००० रुपये भाडे बँकेतून भरले. ‘ब’ने १,५०० चे वीजबिल आणि २,७०० चा किराणा यूपीआयने दिला. ‘क’ने मावशींना ३,००० रोख दिले. शिवाय महिन्याच्या मध्याला ‘ब’ने ‘अ’ला ५,००० रुपये यूपीआयने पाठवले. ३० दिवसांपैकी ‘क’ १५ दिवस गावी होता. म्हणून किराण्याचे एकूण ७५ माणशी-दिवस होतात, दर दिवसाला ३६ रुपये. अ आणि ब यांचा वाटा प्रत्येकी १,०८०, तर क याचा ५४०. बाकीचे समान धरल्यास अ आणि ब यांचा एकूण खर्च प्रत्येकी १०,५८०, क याचा १०,०४०, बेरीज ३१,२००. आता ५,००० ‘ब’च्या जमेस आणि ‘अ’च्या नावे टाकले की ‘अ’ला ८,४२० येणे, ‘ब’ला १,३८० आणि ‘क’ला ७,०४० देणे निघते.

सर्वांत जास्त घोळ या ५,००० वर होतो. बँकेच्या उताऱ्यात ही रक्कम किराण्यासारखीच ‘गेलेली’ दिसते. ती चुकून खर्च म्हणून तिघांत वाटली, तर ‘ब’ आणि ‘क’ यांचे देणे प्रत्येकी सुमारे १,६६७ रुपयांनी फुगते आणि ‘अ’ला तेवढे दुप्पट जास्त मिळतात, ‘क’चा तर त्या व्यवहाराशी संबंधही नव्हता. तरीही सर्व बाक्यांची बेरीज शून्यच येते. त्यामुळे ‘बेरीज शून्य आली, म्हणजे हिशेब बरोबर’ ही समजूत अपुरी आहे. नोंद फक्त एकाच बाजूस पडली असेल, तेवढीच चूक या बेरजेत उघडी पडते. दुसऱ्या प्रकारची चूक पकडायची, तर खर्चाची एकूण रक्कम बिलांच्या आणि बाहेरच्यांना दिलेल्या रकमांच्या बेरजेशी ताडावी लागते. येथे वही ३६,२०० दाखवेल आणि बिले व रोख पगार मिळून ३१,२००. ज्या रकमेचा घेणारा घरातलाच आहे, ती खर्च नव्हे.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून वहीपेक्षा मोबाइलमधल्या नोंदींवर भिस्त वाढली. पण एकच देणे अ‍ॅपच्या पडद्यावर आणि बँकेच्या उताऱ्यात असे दोनदा दिसते. १२ अंकी यूटीआर क्रमांक जुळला, की ती एकच नोंद समजावी. फसलेला व्यवहार खात्यातून कापला जाऊन नंतर परत येतो, कधी दुसऱ्या तारखेला. परतीची नोंद शोधल्याशिवाय तो खर्चात घेऊ नये. रोखीला असा माग नसतो. त्याच दिवशी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रक्कम आणि कारण लिहिणे हाच त्यावरचा उपाय.

महावितरणच्या बिलाचा काळ १ तारखेपासून सुरू होईलच असे नाही. मध्येच कोणी आले-गेले, तर बिलावरील मीटर वाचनाच्या तारखांमधले दिवस मोजतात. घरमालकाकडील डिपॉझिट या हिशेबात येत नाही. ते खर्च नसून परत मिळायची ठेव आहे, आणि जाणाऱ्याचा हिस्सा बहुधा नवा येणाराच त्याला परस्पर देतो.