केबल इंटरनेट संध्याकाळी का मंदावतं: ४२ मेगाहर्ट्झच्या हद्दीची गोष्ट

केबलचं जाळं इंटरनेटसाठी टाकलंच नव्हतं. अमेरिकेत १९४८च्या सुमारास डोंगराआडच्या गावांपर्यंत टीव्हीचे सिग्नल नीट पोहोचत नव्हते. तेव्हा उंचावर एक मोठा अँटेना उभारून तिथून घरोघरी कोअ‍ॅक्स केबल ओढण्याची सोय सुरू झाली. सिग्नल एकाच दिशेनं वाहायचा, वरून खाली. घरातून परत काही पाठवायचं असेल, हा विचार त्या रचनेत नव्हता.

पुढे उलट्या दिशेची गरज भासली, तेव्हा जागा उरली होती ती टीव्हीच्या वाहिन्यांखाली. अमेरिकेत चॅनल २ची सुरुवात ५४ मेगाहर्ट्झला होते, म्हणून ५ ते ४२ मेगाहर्ट्झ हा पट्टा परतीच्या वाटेला मिळाला. युरोपात ही हद्द साधारण ६५वर गेली. मधला ४२ ते ५४चा भाग रिकामा सोडावा लागतो, कारण दोन दिशा वेगळ्या करणारा फिल्टर एका बिंदूवर धारदार कापू शकत नाही, त्याला उतरण लागते. हा डिप्लेक्स फिल्टर खांबावरच्या प्रत्येक अँप्लिफायरच्या डब्यात बसवलेला असतो. वरचा पट्टा तो घरांकडे जाणाऱ्या अँप्लिफायरला देतो आणि खालचा पट्टा उलट्या दिशेच्या छोट्या अँप्लिफायरला. ७५० मेगाहर्ट्झच्या जाळ्यात उतरत्या दिशेला जवळपास ७०० मेगाहर्ट्झ मिळतात, चढत्या दिशेला अवघे ३७. आजच्या तक्रारींचं मूळ या वाटणीत आहे.

१९९०च्या दशकात मुख्य केबलच्या जागी फायबर आली. हेडएंडपासून, म्हणजे केबलचालकाच्या मुख्य केंद्रापासून, वस्तीतल्या नोडपर्यंत, म्हणजे फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलवर चढवणाऱ्या डब्यापर्यंत, फायबर आणि तिथून घरापर्यंत जुनी कोअ‍ॅक्स, म्हणून नाव हायब्रिड. एकामागून एक लावलेल्या अँप्लिफायरची लांबलचक रांग त्यामुळे तुटली. पण नोडच्या पुढचा भाग शेकडो घरांचा सामायिकच राहिला, आणि फिल्टरही जागच्या जागी राहिले.

मार्च १९९७मध्ये डॉक्सिस १.० हे केबल मॉडेमचं मानक आलं आणि कुठल्याही कंपनीचं मॉडेम कुठल्याही जाळ्यावर चालण्याची सोय झाली. त्यातला अपस्ट्रीमचा, म्हणजे घरातून वर पाठवण्याचा, नियम समजून घेण्यासारखा आहे. एकाच केबलवर असूनही मॉडेमना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. घराकडे फाटा देणारे टॅप दिशेनुसार काम करतात, त्यामुळे शेजारच्या मॉडेमचा सिग्नल तुमच्यापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. म्हणजे ‘आधी ऐका, मग बोला’ ही जुन्या इथरनेटची युक्ती इथे निकामी ठरते. कोण कधी बोलणार हे हेडएंडचं यंत्र, म्हणजे सीएमटीएस, ठरवतं. मॉडेम आधी ‘मला इतकं पाठवायचंय’ अशी छोटी विनंती करतं, सीएमटीएस दर काही मिलिसेकंदांनी वेळापत्रक प्रसारित करतं आणि मॉडेम आपल्या ठरलेल्या वेळी पाठवतं. विनंतीसाठीची जागा मात्र सगळ्यांना खुली असते. दोघांनी एकाच क्षणी विनंती केली तर दोन्ही वाया जातात, आणि पुढच्या वेळी दोघं यादृच्छिकपणे जास्त थांबून पुन्हा प्रयत्न करतात. सकाळी सहा वाजता हे जाणवतही नाही.

संध्याकाळचा हिशेब एका कल्पित नोडवर करून पाहू. २०० मॉडेम आणि ६.४ मेगाहर्ट्झ रुंदीचे चार अपस्ट्रीम चॅनल. ६४-क्यूएएम या मॉड्युलेशनवर, म्हणजे सिग्नलवर बिट चढवण्याच्या पद्धतीवर, एक चॅनल ३०.७२ मेगाबिटचा, पण चूकदुरुस्ती आणि इतर खर्च वजा जाता हाती सुमारे २७ उरतात. चारही मिळून १०८. प्रत्येक घराला १० मेगाबिटचा अपलोड विकलेला असेल, तर पूर्ण वेगानं पाठवणारी ११ घरं चारही चॅनल भरून टाकतात. रात्री नऊला ४० घरांत प्रत्येकी २.४ मेगाबिटचे व्हिडिओ कॉल चालू आहेत असं धरा, म्हणजे ९६ झाले. बाकीची घरं व्हिडिओ पाहताहेत, आणि तेही अपस्ट्रीम फुकट सोडत नाहीत. डेटाच्या दर दोन पाकिटांमागे ती मिळाल्याची एक पोच वर जाते, म्हणून २०० मेगाबिट उतरवताना ढोबळमानानं ४ मेगाबिट वर चढतात. मॉडेम यातल्या अनावश्यक पोचपावत्या गाळतात, तरीही एकूण शंभराच्या आसपास जातो. १०८पैकी १०० भरल्यावर सरासरी अजून पुरते, पण क्षणभराची गर्दी आली की रांग लागते. कॉलचा आवाज तुटतो. पोचपावत्या उशिरा पोहोचल्यानं डाउनलोडही मंदावतं, मग ती बाजू कितीही मोकळी असो.

यात भर पडते गोंगाटाची. उतरत्या दिशेनं एका घरातला बिघाड बहुधा त्या घरापुरता राहतो. चढत्या दिशेनं मात्र प्रत्येक घरातला सैल कनेक्टर, उघडं टोक आणि खराब स्प्लिटर नोडवर एकत्र येतात. गळतीतून आत शिरणारे रेडिओ सिग्नल आणि घरगुती उपकरणांचा विद्युत गोंगाट याच खालच्या पट्ट्यात सर्वात जास्त असतो, आणि अंधार पडल्यावर दूरची लघुलहरी प्रसारणंही त्याच्या तळाशी जोरानं येतात. गोंगाटामुळे सीएमटीएसनं एक चॅनल १६-क्यूएएम या हळू पण गोंगाट सोसणाऱ्या मॉड्युलेशनवर उतरवला की त्याचे २७चे १८ होतात. आपले १०८ आता ९९, आणि मागणी १००. रांग आता क्षणिक राहत नाही.

गर्दी आणि गोंगाट यांत फरक ओळखता येतो. मॉडेम तारेनं एकाच संगणकाला जोडा आणि स्वतःचे सगळे अपलोड थांबवा, कारण आपल्याच घरातली एक बॅकअप फाइल मॉडेमची रांग भरून हुबेहूब हेच लक्षण दाखवते. सीएमटीएसनं उत्तर दिलं तर त्याचा पत्ता traceroute या आज्ञेच्या यादीत साधारण पहिल्या दोन ओळींत दिसतो. तिथे सकाळी आणि रात्री पिंग करून पाहा:

```
ping -c 200 पत्ता
```

सकाळी १० मिलिसेकंद आणि रात्री ऐंशी-शंभर, पाकिटं फारशी हरवत नाहीत, आणि बहुतेक मॉडेमवर 192.168.100.1 इथे उघडणाऱ्या पानावर अपस्ट्रीम चॅनल होते तसेच आहेत: ही गर्दी. पाकिटं हरवतात, चॅनल खालच्या मॉड्युलेशनवर दिसतो किंवा नोंदीत सीएमटीएसचं उत्तर वेळेत न आल्याचं सांगणारं `T3 time-out` वारंवार येतं: हा सिग्नलचा प्रश्न. अपस्ट्रीम पॉवर ५० dBmVच्या आसपास चढली असेल, तर आधी स्वतःच्या घरातला स्प्लिटर आणि कनेक्टर तपासा, कारण मॉडेम वाटेतली हानी भरून काढायला ओरडतंय. गर्दीवर घरात उपाय नाही. गोंगाटावर असेलही.

केबलचालकाकडे मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली, नोड विभागणं: २००चे १००-१०० करायचे, हिशेब लगेच अर्ध्यावर येतो. दुसरी, हद्दच हलवणं. २०१३च्या डॉक्सिस ३.१मध्ये ८५ आणि २०४ मेगाहर्ट्झपर्यंतच्या परतीच्या वाटेची तरतूद आहे आणि गोंगाटातून वाट काढणारी पद्धतही आहे. पण त्यासाठी नोडवरचा आणि प्रत्येक अँप्लिफायरमधला फिल्टर बदलावा लागतो, आणि जुन्या हद्दीवरच्या टीव्ही वाहिन्या आधी वर हलवाव्या लागतात. हे सगळं झाल्यावरही एखाद्या घरात नवे चॅनल जुळत नाहीत, तेव्हा टीव्हीसाठी भिंतीवर बसवलेला छोटा जुना अँप्लिफायर शोधावा. त्याच्या आत तोच ४२चा फिल्टर असतो. हा अँप्लिफायर काढून मॉडेम थेट केबलला जोडलं की ४२च्या वरचे चॅनलही जुळतात.