चित्रालेख व ताळ्याच्या खुणा : एका चिन्हात अनेक नग

संख्या मोठ्या असल्या की चित्रालेखात एक चित्र एका वस्तूसाठी न काढता ठरावीक वस्तूंसाठी काढतात. या ठरावाला प्रमाण म्हणतात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत मुलांची चित्रे मोजून होतात, पण प्रमाणाने गुणायचे राहून जाते. बहुतेक गुण इथेच जातात.

खानदेशातल्या केळीचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रमाण : १ चित्र = २० घड. रावेरसमोर साडेसहा, यावलसमोर चार, चोपड्यासमोर सव्वातीन आणि मुक्ताईनगरसमोर अडीच चित्रे आहेत. अर्धे चित्र १० घडांचे आणि पाव चित्र ५ घडांचे, म्हणून घड अनुक्रमे १३०, ८०, ६५ आणि ५० होतात. रावेरला चोपड्यापेक्षा किती घड जास्त, असे विचारले तर दोन्ही संख्या काढत बसू नये. आधी चित्रांचा फरक घ्यावा : सव्वातीन. मग एकदाच २० ने गुणावे, उत्तर ६५. कोणत्या गावाचे घड कोणाच्या किती पट, या प्रश्नात तर प्रमाण लागतच नाही. रावेरचे घड चोपड्याच्या दुप्पट, हे चित्रांवरूनच कळते.

उलटा प्रश्न जास्त अडवतो. साडेतीन चित्रे म्हणजे ६३ घड, तर प्रमाण किती? साडेतीनात ७ अर्धी चित्रे आहेत. म्हणून एक अर्धे ९ घडांचे आणि पूर्ण चित्र १८ घडांचे. इथे मुले बहुधा अर्धे चित्र पूर्ण धरून ६३ ला ४ ने भागतात. भागाकार पौणेसोळा येतो, आणि घड पौणा नसतो; यावरूनच चूक ओळखावी. प्रश्न रचणाऱ्यानेही हे पाहावे : १ चित्र = २५ घड ठेवले, तर अर्धे चित्र काढताच साडेबारा घड होतात.

ताळ्याच्या खुणांमध्ये चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी पाचवी तिरपी रेघ मिळून एक गट होतो. ट्रकमध्ये केळीची खोकी भरताना एका फेरीला एक रेघ ओढली आणि फेरीत ४ खोकी असली, तर एका गटाची २० खोकी होतात. तीन गट आणि दोन सुट्या रेघा म्हणजे १७ रेघा, एकूण ६८ खोकी. उत्तर ५६ आले, तर तिरप्या रेघा मोजलेल्या नाहीत. २० आले, तर प्रत्येक गट एकच खूण धरला आहे. १७ वरच थांबले, तर गुणाकार राहिला.

चित्र अर्धे कापता येते, रेघ मात्र कापता येत नाही. शेवटच्या फेरीत ३ च खोकी आली, तर तिची रेघ ओढू नये. १६ रेघांची ६४ खोकी धरून ३ शेजारी आकड्यात लिहावीत, म्हणजे बेरीज ६७ येते.